पृष्ठ २७५ कोणाचे?

दिघीत आमच्या घरात पुस्तक असे नव्हतेच. वडील भोसरीच्या एका कारखान्यात लेथवर होते. घरात कागद यायचा तो पगाराच्या पाकिटाचा आणि कधी खिशात राहून गेलेल्या जॉबकार्डाचा. त्यामुळे ‘संदर्भसूची’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो एम.ए.च्या वर्गात, आणि तिचा अर्थ मला नीट कळला तो एम.फिल.च्या तोंडी परीक्षेत, चारचौघांसमोर फजिती झाल्यानंतर. ती एम.फिल. आता बंद झाली आहे, पण ती चूक बंद झालेली नाही. दरवर्षी माझ्यासमोर येणाऱ्या प्रकल्पांत आणि प्रबंधांत मी तीच चूक पुन्हा पाहतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझ्या प्रबंधिकेत मी दलित साहित्य आणि मानव यांच्या नात्याविषयी एक विचार घेतला होता आणि कंसात लिहिले होते : डांगळे, १९९२, पृ. २७५. परीक्षकांनी पान उघडले आणि शांतपणे विचारले, “हे डांगळ्यांचं मत आहे का?” मी ठामपणे ‘हो’ म्हटले. पुस्तकाच्या वेष्टनावर अर्जुन डांगळे हेच नाव होते. परीक्षक म्हणाले, “मग बाबुराव बागुलांचं काय झालं?” मी गप्प राहिलो.

झाले होते ते असे. ‘पॉयझन्ड ब्रेड’ हा मराठी दलित साहित्याच्या इंग्रजी अनुवादांचा संग्रह अर्जुन डांगळे यांनी संपादित केला आणि तो १९९२ साली ओरिएंट लाँगमनने प्रसिद्ध केला. त्यात कविता आहेत, कथा आहेत, आत्मकथनांतील उतारे आहेत आणि शेवटच्या भागात वैचारिक लेख आहेत. १९९२च्या आवृत्तीत हे लेख एकमेकांना चिकटून येतात. डांगळे यांचा दलित साहित्याच्या भूत-वर्तमान-भविष्यावरील दीर्घ लेख पृष्ठ २३४ ते २६६ असा आहे. लगेच २६७ ते २७० या चार पानांत शरच्चंद्र मुक्तिबोधांचा ‘दलित साहित्य म्हणजे काय?’ या प्रश्नावरील लेख येतो. आणि २७१ ते २८९ या एकोणीस पानांत बाबुराव बागुलांचा लेख आहे, ज्याचे शीर्षकच असे की दलित साहित्य हे मानवाचेच साहित्य होय. माझे पृष्ठ २७५ या तिसऱ्या लेखातले होते. म्हणजे बागुलांचा विचार मी डांगळ्यांच्या नावावर लिहून मोकळा झालो होतो. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हे पुस्तक १९६३ साली ज्याने लिहिले, त्याच लेखकाचे नाव मी, तेही दलित साहित्यावरच्या प्रबंधिकेत, पुसून टाकले होते. यात हेतू नव्हता हे खरे. पण संदर्भात हेतू वाचला जात नाही, नाव वाचले जाते.

संपादित ग्रंथातील लेखाचा संदर्भ देताना सारा गोंधळ येथूनच सुरू होतो, कारण अशा पुस्तकात दोन प्रकारची माणसे असतात. एकाने लेख लिहिलेला असतो आणि दुसऱ्याने असे अनेक लेख गोळा करून, निवडून, क्रमाने लावून ग्रंथ उभा केलेला असतो. दोघांचेही श्रम खरे. परंतु आपण जो विचार उचलला तो पहिल्याचा आहे. म्हणून नोंदीच्या आरंभी लेखकाचे नाव येते, संपादकाचे नाही. संपादक नोंदीच्या मध्यभागी येतो, कारण त्याचे पुस्तक हे त्या लेखाचे घर आहे.

आता ती नोंद कशी बसवायची ते पाहू. (इंग्रजी ग्रंथांची नावे मी येथे देवनागरीत देतो आहे. आपल्या प्रबंधात ती मूळ लिपीतच द्यावीत.)

बागूल, बाबुराव (१९९२). ‘दलित लिटरेचर इज बट ह्यूमन लिटरेचर’. अंतर्भूत : अर्जुन डांगळे (संपा.), पॉयझन्ड ब्रेड : ट्रान्सलेशन्स फ्रॉम मॉडर्न मराठी दलित लिटरेचर (पृ. २७१-२८९). मुंबई : ओरिएंट लाँगमन.

ही नोंद एकदा सावकाश वाचावी. आरंभी आडनाव, मग नाव. मग वर्ष, पण कोणते? तर आपल्या हातातील पुस्तकाचे, बागुलांनी मूळ मराठी लेख केव्हा लिहिला त्याचे नव्हे. मग लेखाचे शीर्षक अवतरणात. त्यानंतर ‘अंतर्भूत’ हा छोटा शब्द, जो इंग्रजी सूचीतल्या ‘इन’चे काम करतो. वाचकाला तो सांगतो की आता आपण लेखातून बाहेर पडून ग्रंथात आलो. पुढे संपादक, ग्रंथाचे नाव, पृष्ठे आणि प्रकाशक. छापताना लेखाचे नाव आणि ग्रंथाचे नाव एकाच वळणाच्या अक्षरांत देऊ नये. इंग्रजीत ग्रंथनाम तिरप्या अक्षरांत असते. मराठीत ते ठळक करावे किंवा अधोरेखित करावे. दोन्ही नावे सारखीच दिसली की ग्रंथालयात जाणारा माणूस लेखाचे नाव पुस्तकाचे समजून यादीत शोधत बसतो, आणि अर्थात ते त्याला सापडत नाही.

येथे एक बाब विद्यार्थ्यांना नेहमी खटकते. लेखकाचे आडनाव आधी घेतले, ‘बागूल, बाबुराव’ असे उलटे लिहिले, मग संपादकाचे ‘अर्जुन डांगळे’ असे सुलटे का? कारण साधे आहे. आडनाव पुढे आणायचे ते वर्णानुक्रमासाठी. सूचीत नोंद कोठे बसेल हे जे नाव ठरवते, तेवढेच उलटवायचे. संपादक नोंदीच्या पोटात आहे, त्याच्यावर क्रम अवलंबून नाही, मग त्याचे नाव उलटवण्याचे प्रयोजनच काय? हे एकदा समजले की नियम पाठ करावा लागत नाही. दोन संपादक असले तरी तसेच : ‘सुरेंद्र जोंधळे आणि योहानेस बेल्ट्झ (संपा.)’. दोघांचीही नावे द्यावीत. ‘जोंधळे आणि इतर’ असे लिहून दुसऱ्याला ‘इतर’ करू नये. माणसे दोनच असताना काटकसर कशाला?

डांगळ्यांचा स्वतःचा लेखही त्याच पुस्तकात आहे. त्याची नोंद करायची झाली तर ‘डांगळे, अर्जुन’ हे नाव आरंभी येते आणि ‘अंतर्भूत’नंतर ‘अर्जुन डांगळे (संपा.)’ असे पुन्हा येते. विद्यार्थी याला पुनरुक्ती समजून एक नाव खोडतात. खोडू नये. पहिल्या ठिकाणी डांगळे लेखक म्हणून आहेत, दुसऱ्या ठिकाणी संपादक म्हणून. त्यांनी दोन कामे केली आहेत, दोन्ही नोंदवली जातात.

आता पृष्ठांविषयी, कारण माझ्या मते या नोंदीतील सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. २७१-२८९ म्हणजे लेख जेथे सुरू होतो ते पान आणि जेथे संपतो ते पान. आपण जे वाक्य उद्धृत केले त्याचे पान निराळे. ते मजकुरात, कंसात येते : बागूल, १९९२, पृ. २७५. सूचीत लेखाची व्याप्ती, मजकुरात नेमके पान. बहुतेक विद्यार्थी या दोहोंची सरमिसळ करतात आणि सूचीतच ‘पृ. २७५’ लिहून ठेवतात. मग एकोणीस पानांचा लेख एका पानाचा होऊन जातो.

ही दोन ठिकाणची पाने एकमेकांची साक्ष देतात. मजकुरातील पान सूचीतल्या व्याप्तीच्या आत पडलेच पाहिजे. माझ्या प्रबंधिकेत मी डांगळ्यांच्या लेखाची व्याप्ती २३४-२६६ अशी लिहिली असती, तर २७५ हा आकडा तिच्याबाहेर पडलेला मलाच दिसला असता, परीक्षकांना विचारावे लागले नसते. मी व्याप्ती लिहिलीच नव्हती. नुसते पुस्तकाचे नाव लिहिले होते, आणि नुसत्या पुस्तकात कोणतेही पान बसते. आज विद्यार्थ्यांचा प्रबंध हाती आला की मी प्रथम हेच ताडून पाहतो. दहा कंस उचलायचे आणि सूचीशी लावायचे. जे पान व्याप्तीबाहेर गेले तेथे हमखास दुसऱ्याचे बोट असते.

पृष्ठव्याप्तीचा दुसरा उपयोग अगदी व्यवहारी आहे. आमच्या भागातील मुले दिवसा किंवा रात्री चाकणच्या पाळीला जातात. त्यांना मोठ्या ग्रंथालयात जाऊन बसणे जमत नाही. एखादा मित्र तेथे जातो आणि लेखाची छायाप्रत काढून आणतो. ‘पृ. २७१ ते २८९’ असे चिठ्ठीवर लिहून दिले तर एकोणीस पानांचे पैसे लागतात आणि शेवटचे पान सुटत नाही. परंतु या छायाप्रतीतच एक नवा अपघात दडलेला असतो. लेखाच्या पानांवर संपादकाचे नाव नसते, प्रकाशकाचे नसते, वर्ष तर नसतेच. सहा महिन्यांनी ते कागद हाती येतात तेव्हा ते कोणत्या पुस्तकाचे हेच आठवत नाही. म्हणून लेखाबरोबर पुस्तकाचे शीर्षकपान आणि त्याच्या मागची बाजू, अशा दोन पानांची प्रत नेहमी काढावी. संपादक पुढच्या बाजूला असतो, वर्ष आणि आवृत्ती मागच्या बाजूला.

याच मागच्या बाजूवर मराठी पुस्तकांत प्रकाशक आणि मुद्रक दोघांचीही नावे असतात, आणि मुद्रकाचा पत्ता पुष्कळदा अधिक ठसठशीत असतो. नोंदीत प्रकाशक घ्यायचा, छापखाना नाही. मागच्या वर्षी एका सूचीत मला निम्मे प्रकाशक म्हणून मुद्रणालयेच सापडली.

प्रकाशकाच्या बाबतीत ‘पॉयझन्ड ब्रेड’चेच उदाहरण पुन्हा घेता येईल. १९९२च्या प्रतीवर ओरिएंट लाँगमन हे नाव आहे. पुढे त्या संस्थेचे नाव ओरिएंट ब्लॅकस्वान झाले आणि २००९ साली नवी आवृत्ती त्या नावाने निघाली. हातातील प्रतीवर जे छापले आहे तेच लिहावे. जुन्या प्रतीला नवे नाव देऊन ‘अद्ययावत’ करू नये. त्याहून मोठे संकट म्हणजे वर्ष एका आवृत्तीचे आणि पाने दुसऱ्या आवृत्तीची. मी वर दिलेले आकडे १९९२चे आहेत. ज्याच्याजवळ २००९ची प्रत आहे त्याने ते येथून उचलू नयेत, आपली पाने आपल्या प्रतीवरून घ्यावीत.

प्रकाशनस्थळ लिहायचे की नाही हा प्रश्न मला दर आठवड्याला विचारला जातो. मी वर ‘मुंबई’ लिहिले कारण मराठी प्रबंधांत ती रीत आहे. परंतु एम.एल.ए. या पद्धतीने २०१६च्या आठव्या आवृत्तीपासून, ए.पी.ए.ने २०१९च्या सातव्या आवृत्तीपासून आणि शिकागो पद्धतीने २०२४च्या अठराव्या आवृत्तीपासून स्थळाची सक्ती सोडली आहे. शिकागोने तर त्याच वेळी सूचीतील लेखाच्या पृष्ठव्याप्तीचीही सक्ती काढली. हा शेवटचा बदल मला स्वतःला पटलेला नाही. आपल्या विभागाने कोणती पद्धत सांगितली आहे ते पाहावे आणि आरंभापासून शेवटपर्यंत तीच पाळावी. मी मात्र माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो की नोंदवहीत दोन्ही टिपून ठेवा. सूचीतून गाळणे केव्हाही जमते. नसलेले पान भरण्यासाठी मात्र पुन्हा ग्रंथालयाची वारी करावी लागते.

नोंद तयार झाली, आता ती इतर नोंदींमध्ये बसवायची. यासाठी एलिनॉर झेलियट यांच्याइतके चांगले उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही, कारण त्यांचे लेख अनेक संपादकांच्या ग्रंथांत विखुरलेले आहेत. गेल्या सत्रात माझी एक विद्यार्थिनी त्यांच्यावर टिपणे काढत होती. तिच्या सूचीत झेलियट बाई चार ठिकाणी सापडत होत्या : एकदा कोठारींच्या नावाखाली, एकदा महारांच्या, एकदा जोंधळ्यांच्या आणि एकदा स्वतःच्या. मी विचारले, “या चारही एकच बाई आहेत हे वाचणाऱ्याला कसं कळणार गं?” ती म्हणाली, “सर, पुस्तकावर जे नाव होतं तेच मी लावलं. ग्रंथालयात पुस्तक त्याच नावानं मिळतं ना?” तिचे म्हणणे निराधार नव्हते. ग्रंथालयाच्या यादीत संपादित ग्रंथ संपादकाच्या किंवा ग्रंथाच्या नावानेच सापडतो. परंतु संदर्भसूची ही कपाटाची यादी नाही. आपण कोणाकडून काय घेतले, याचा तो हिशेब आहे.

आम्ही दोघांनी बसून ते चार कागद नीट लावले. राजकीय साधनांचा वापर महार समाज कसा शिकला, यावरचा झेलियट यांचा लेख रजनी कोठारी यांनी संपादित केलेल्या ‘कास्ट इन इंडियन पॉलिटिक्स’ (ओरिएंट लाँगमन, १९७०) या ग्रंथात पृ. २९-६९ वर आहे. गांधी आणि आंबेडकर यांच्या नेतृत्वाचा अभ्यास जे. मायकेल महार यांनी संपादित केलेल्या ‘द अनटचेबल्स इन कंटेम्पररी इंडिया’ (युनिव्हर्सिटी ऑफ ॲरिझोना प्रेस, टुसान, १९७२) या ग्रंथात पृ. ६९-९५ वर आहे. (संपादकाचे आडनाव ‘महार’ हा निव्वळ योगायोग, ते अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ होते. एका प्रबंधात मी त्यांचे नाव जातीचे नाव समजून गाळलेले पाहिले आहे.) बाबासाहेबांनी अर्थपूर्ण बौद्ध धम्माचा शोध कसा घेतला, हा लेख जोंधळे आणि बेल्ट्झ यांच्या ‘रीकन्स्ट्रक्टिंग द वर्ल्ड’ (ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, २००४) या ग्रंथात पृ. १८-३४ वर आहे. आणि ‘फ्रॉम अनटचेबल टू दलित’ (मनोहर, नवी दिल्ली, १९९२) हा झेलियट यांचा स्वतःचा लेखसंग्रह. त्याला निराळा संपादक नाही.

चारही नोंदी आता ‘झेलियट, एलिनॉर’ या एका नावाखाली आल्या. त्यांचा आपसांतला क्रम कोणता? येथे पद्धती वेगळ्या वाटेने जातात. ए.पी.ए.मध्ये वर्षाने : १९७०, १९७२, १९९२, २००४. लेख आधी की पुस्तक आधी असा भेद नाही. १९९२चे पुस्तक दोन लेखांच्या मध्ये येऊन बसते. एम.एल.ए.मध्ये शीर्षकाच्या वर्णानुक्रमाने, आणि पहिल्या नोंदीनंतर नावाऐवजी तीन छोट्या रेघा. त्या क्रमाने २००४चा लेख सर्वांत वर जातो, कारण त्याचे इंग्रजी शीर्षक ‘बी’ने सुरू होते, मग ‘एफ’चे पुस्तक, ‘जी’चा गांधी-आंबेडकर लेख आणि शेवटी ‘एल’चा १९७०चा लेख. दोन्ही क्रम बरोबर आहेत, फक्त एका सूचीत दोन्ही नकोत.

विद्यार्थिनीजवळ पाचवे एक पुस्तक होते : झेलियट आणि मॅक्सीन बर्नसन या दोघींनी मिळून संपादित केलेले ‘द एक्सपीरियन्स ऑफ हिंदुइझम’, १९८८. तिने ते १९७२ आणि १९९२ यांच्या मध्ये घातले. आकड्यांच्या दृष्टीने ते बरोबर दिसते, पण तसे करायचे नसते. एकटीच्या नावाच्या सर्व नोंदी आधी संपवायच्या आणि मग जोडनावाची नोंद घ्यायची, मग तिचे वर्ष जुने का असेना. म्हणून १९८८चे हे पुस्तक २००४च्या खाली गेले. क्रम प्रथम नावाचा आणि नाव जेथे सारखे तेथेच वर्षाचा, हे ध्यानात ठेवले की पुरते.

गांधी-आंबेडकर लेखाबाबत आणखी एक पेच होता. तोच लेख १९९२च्या संग्रहात पृ. १५०-१८३ वर पुन्हा छापलेला आहे. तिने अवतरण घेतले होते पान १६० वरून आणि नोंद लावली होती १९७२ची. पुन्हा तीच कसोटी : १६० हे ६९ ते ९५च्या बाहेर आहे. म्हणजे तिने वाचला होता संग्रह आणि नाव लावले जुन्या ग्रंथाचे, कारण तळटिपेत कोणीतरी तसे लिहिलेले तिने पाहिले होते. जे वाचले त्याचीच नोंद करावी. हवे तर शेवटी ‘प्रथम प्रसिद्धी १९७२’ असे जोडावे.

दुसऱ्याची नोंद उचलल्याने काय होते याचा सर्वांत मोठा पुरावा तर आपल्या घरातच आहे. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात जातिसंस्थेवरील आपला निबंध वाचला आणि तो मे १९१७च्या ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या, वसंत मून यांनी संकलित केलेल्या लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात तो पृ. ३-२२ वर आहे. (कोणी ५-२२ लिहितात, कारण आरंभीची पाने शीर्षकाची आहेत. दोहोंपैकी एक धरावे.) नोंद अर्थातच ‘आंबेडकर’ या नावाखाली, ‘मून, १९७९’ असे लिहिणाऱ्यांनी वर सांगितलेला बागुलांचा प्रसंग पुन्हा वाचावा. पण मुद्दा निराळाच आहे. या खंडात निबंधाच्या आरंभी नियतकालिकाचा खंडक्रमांक रोमन अंकांत एकेचाळीस असा छापला आहे आणि तोच आकडा असंख्य प्रबंधांत उतरला आहे. ‘इंडियन अँटिक्वेरी’ १८७२ साली सुरू झाले आणि दरवर्षी एक खंड निघत गेला. मग १९१७चा खंड सेहेचाळिसावा होतो, एकेचाळिसावा होतो १९१२ साली. रोमन सेहेचाळीसमधला पाचाचा ‘व्ही’ गळला की एकेचाळीस उरतात. एका खिळ्याची चूक, पण मूळ खंड न पाहता ती पुढे देणाऱ्यांची रांग लांबच लांब आहे. ज्याने शासनाचा खंड वाचला त्याने शासनाच्या खंडाचीच नोंद द्यावी, म्हणजे १९१७च्या नियतकालिकाची जबाबदारी त्याच्यावर येत नाही.

शेवटी वर्णानुक्रमाविषयी थोडे. मराठी आणि इंग्रजी संदर्भांच्या दोन सूची कराव्यात, कारण एकत्र केल्या की झेलियट ‘झ’खाली बसतात आणि इंग्रजीच्या क्रमाने त्याच सर्वांत शेवटी जातात. मराठी सूची संगणकाकडून लावून घेतली तर ती एकदा डोळ्यांखालून घालावी. आपल्या वर्णमालेत क्ष आणि ज्ञ शेवटी येतात, पण संगणक ‘क्ष’ला ‘क’ आणि ‘ष’ यांचे जोडाक्षर मानून ‘क’मध्ये टाकतो. आर. के. क्षीरसागर यांच्यासारखा दलित चळवळीचा इतिहासकार मग कांबळे-कसबे यांच्या मागोमाग, खरातांच्या आधी येऊन बसतो. शिवाय मुक्तिबोध हे आडनाव आले की नाव पुरे लिहावे : शरच्चंद्र मराठीतले, गजानन माधव हिंदीतले, आणि दोघे सख्खे भाऊ. नुसत्या ‘मुक्तिबोध, १९९२’ने कोणता भाऊ हे कळत नाही.

त्या विद्यार्थिनीची सूची लावायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. कोठारी, महार आणि जोंधळे आपापल्या नोंदींच्या पोटात गेले. झेलियट एका जागी आल्या तेव्हा तिने वह्या मिटल्या आणि दिघीची बस पकडली. तिची रात्रपाळी होती.